सत्तर फुटांचं गाणं

लग्नाच्या कार्यालयात दारापासून स्टेजपर्यंतचं अंतर पूर्वी कुणी मोजत नसे. नवरा-नवरी कधीतरी स्टेजवर दिसायला लागत, आणि ती तिथे कशी पोचली याची चौकशी कुणी करत नसे. आता तेवढ्या अंतरासाठी लाल गालिचा असतो, गुडघाभर धूर असतो, उलटं चालत शूटिंग करणारे दोन फोटोग्राफर असतात आणि एक गाणं असतं. गाणं बहुधा सिनेमातलं असतं. त्यातला नायक बर्फात नाचलेला असतो. आमचा नवरदेव नव्या मोजडीने चावा घेतलेला पाय सांभाळत तेच अंतर कापत असतो.

माझ्या भाचीला ते नको होतं. "मामा, आमच्यासाठी गाणं तू लिही. त्यात दोन्ही घरातल्या गमती घाल. कुणाला वाईट वाटता कामा नये, आणि दीड मिनिटात संपलं पाहिजे," असं तिने फोनवर सांगितलं आणि बिर्याणीची ऑर्डर द्यावी तसा फोन ठेवून दिला.

भाचीचं घर चिपळूणचं, नवरदेवाचं अकोल्याचं. दोघं नोकरीला पुण्यात, म्हणून लग्न पुण्यात: सकाळी मुहूर्त आणि संध्याकाळी त्याच कार्यालयात रिसेप्शन. गाणं संध्याकाळच्या प्रवेशासाठी हवं होतं.

अशा गाण्याची सुरुवात शब्दांपासून करतात, असं लोकांना वाटतं. ती टेपपासून करायची असते. मी आणि कार्यालयाच्या मॅनेजरने दारापासून स्टेजच्या पायरीपर्यंत टेप धरली. सत्तर फूट भरलं. मग भाचीला जड साडी नेसवून घरात चालायला लावलं. एरवी ही मुलगी दोन पायऱ्या एकदम उतरते, पण साडीच्या निऱ्या सांभाळताना तिचं पाऊल जेमतेम फूटभर पडत होतं, आणि मिनिटाला पन्नासच्या आसपास. म्हणजे सत्तर-बहात्तर पावलं, दीड मिनिटाला थोडी कमी. या हिशेबाने गाण्याची लांबी, ठेका आणि कडव्यांची संख्या ठरून गेली. एका ओळीत साधारण सोळा अक्षरं, चारेक अक्षरांना एक पाऊल, म्हणजे ओळीला चार पावलं. दोन ओळींचं कडवं आठ पावलांचं, त्यानंतरचं ध्रुपद चार पावलांचं. बारा पावलांचा एक घास झाला, आणि सहा घासांत बहात्तर पावलं संपतात. सातवं कडवं लिहायला बसलो असतो तर नवरा-नवरी स्टेजवर उभी राहून ते ऐकत बसली असती, आणि पाचावर थांबलो असतो तर शेवटचे बारा फूट त्यांना मुकाट्याने चालावे लागले असते.

चालीचा प्रश्न त्याहून नाजूक. आपल्याकडे लग्नासाठी घरचं काव्य म्हणजे मंगलाष्टक. आत्या किंवा काका ते शार्दूलविक्रीडितात बसवतात आणि गुलाबी कागदावर छापून वाटतात. एका चरणात एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती. हे वृत्त इतकं भारदस्त आहे की त्यात दोन्हीकडच्या आजोबांची नावं बसतात, कुलदैवतं बसतात, पण विनोद बसत नाही. शिवाय ते उभं राहून ऐकायचं वृत्त आहे. त्याच्या तालावर कुणी चालून बघावं, बाराव्या अक्षराशी पाय अडतो.

भाचीच्या आतेभावाने सुचवलं, की एखाद्या गाजलेल्या सिनेगीताच्या चालीवर आपले शब्द घालू. हा मार्ग सगळे घेतात आणि सगळे त्यात पडतात. चाल ओळखीची असली की ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूळ शब्द आधीच वाजू लागतात. आपण घरातली गंमत सांगत असतो आणि समोरचे चारशे लोक मनात भलतंच गात असतात. आपले शब्द कुणाच्याही कानात शिरत नाहीत, आणि शेवटी "चाल छान होती हं" एवढी पावती मिळते.

मला जे हवं होतं ते दोन्ही घरांच्या अंगणात आधीपासून पडून होतं. भाचीच्या आईने चिपळुणात भोंडला खेळलेला, आणि नवरदेवाच्या आईने अकोल्यात भुलाबाई म्हटलेली. आश्विनात हस्त लागला की पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरायचा तो भोंडला, आणि विदर्भ-खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरी मुक्कामाला येते ती भुलाबाई. दोन्हींच्या गाण्यांत सासर, माहेर, सासू, नणंद आणि दीर यांची मनसोक्त टिंगल असते. म्हणजे दोन घरांच्या गमती गाण्यात गुंफणं हा काही एन्ट्रीवाल्यांचा शोध नाही. रुखवतावर बसून एकमेकींच्या घराची गाण्यातून खोड काढणाऱ्या बायकांनी आणि भोंडल्यातल्या मुलींनी तो धंदा केव्हाच चालवलेला आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की भोंडल्याचं गाणं फेर धरून म्हणायचं असतं, म्हणून त्याचा ठेका मुळातच पावलाचा असतो. तसा साधा ठेका घेतला आणि त्यावर घरचीच एक बाळबोध चाल बसवली. एकदा ऐकली की दुसऱ्यांदा म्हणता यावी, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती.

मग गमती गोळा करायला निघालो आणि खरा ताप सुरू झाला.

कुठल्याही घराला विचारा, "तुमच्याकडच्या गमती सांगा," की पहिल्यांदा गमती येत नाहीत, तक्रारी येतात. साखरपुड्याला कुणी कशी साडी दिली, मुलाने बारावीला किती मार्क पाडले, कोण किती जाड झालं. दुसरा मारा मित्रांचा. नवरदेवाच्या मित्रांनी मला "ती गोव्याची गोष्ट" घालायला सांगितली. गोष्ट काय, असं विचारल्यावर चौघंही पोट धरून हसले, गोष्ट कुणीच सांगितली नाही आणि पाचवा घाईघाईने चहा आणायला गेला. ती गोष्ट मी तिथेच सोडली.

निवड करण्यासाठी दोन चाळण्या लावल्या. पहिली अशी, की ज्याच्यावर विनोद आहे तो माणूस ही गोष्ट स्वतःहून पाहुण्यांना सांगतो का? सांगत असेल तर ती गाण्यात घ्यावी, आणि तो खोलीत आल्यावर इतर लोक विषय बदलत असतील तर तिला हात लावू नये. या चाळणीतून मार्क, वजन आणि साड्या एकदम खाली गेल्या.

दुसरी चाळणी जास्त बारीक होती. चारशे लोकांपैकी घरचे असणार साठ-सत्तर. बाकीचे ऑफिसातले, शेजारचे, आणि वडील कुणाच्या तरी लग्नात जेवले म्हणून आता बोलावलेले. घरगुती विनोद आला की हे लोक परक्या गावच्या एसटी स्टँडवर उतरल्यासारखे इकडेतिकडे बघू लागतात. म्हणून ओळ दुमजली हवी. तळमजल्यावर ती साधी, गोड, लग्नाला शोभणारी ओळ असली पाहिजे, कुणालाही पटेल अशी. माडीवर काय आहे ते फक्त घरच्यांना ठाऊक असावं. जिना दाखवायचा नाही. "यामागे एक गंमत आहे" असं म्हटलं की बाहेरच्यांना आपण बाहेरचे आहोत हे कळतं आणि घरचेही अवघडतात.

बाबांचं कडवं घ्या. भाचीचे बाबा, म्हणजे माझे भावोजी, पहिल्यांदा अकोल्याला गेले तेव्हा विहीणबाईंनी पाटोडीचा रस्सा केला होता. "आमच्यात तिखट नसतेच," असं त्यांनी आधी सांगितलं होतं, आणि ते त्यांच्या मापाने खरं होतं. सोलकढीवर वाढलेल्या भावोजींनी पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. बोलता येईना. समोर बसलेल्या व्याह्यांना वाटलं, मुलीचा बाप आहे, लेक परक्या घरी द्यायची म्हणून गहिवरला. त्यांनी उठून भावोजींना मिठी मारली आणि म्हणाले, "आमच्या पोरीसारखी ठेवू, काळजी करू नका." भावोजींनी मान हलवली, कारण तेवढंच त्यांना शक्य होतं. लग्न त्या मिठीत ठरलं, असं अकोल्याकडचे मानतात, आणि रश्शात ठरलं, असं आमच्याकडचे. ही गोष्ट गाण्यात रश्शाचं नावही न घेता अशी उतरली:

विहीणबाई वाढती पान, माया होती पानोपानी,
पहिल्याच त्या घासाला बाबांच्या डोळां आलं पाणी.

हे कडवं मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना वाचून दाखवलं. त्यांना दोन्ही घरातलं कुणीही माहीत नाही आणि त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालेलं. ऐकता ऐकता त्यांनी चष्मा काढला. मी समजलो की तळमजला पक्का झाला. मग तेच कडवं फोनवर अकोल्याला वाचलं, तर पलीकडे कुणीतरी फोन खाली टाकून हसत होतं. म्हणजे माडीही पक्की.

नवरदेवाची गंमत अशी की तो कुठेही झोपतो. भाचीला घेऊन पहिल्यांदा सिनेमाला गेला आणि नावं संपायच्या आत घोरू लागला. मध्यंतरात तिने पॉपकॉर्न आणले, खाल्ले, आणि सिनेमा सुटल्यावर त्याला उठवलं. ही हकीकत तो स्वतः सगळ्यांना सांगतो, त्यामुळे पहिली चाळणी पार. गाण्यात ती प्रेमगीत झाली:

अंधारात शेजारी ती, हात तिचा हाती आला,
डोळे मिटून नवरदेव स्वप्नामध्ये रंगून गेला.

भाचीला सोडून चालणार नव्हतं. तिला कधीच काही नको असतं. हॉटेलात ती स्वतःसाठी काही मागवत नाही, आणि मग शेजारच्याच्या ताटातलं निम्मं संपवते. चिपळूणच्या घरात हिच्या शेजारी बसायला कुणी तयार नसतं. तिचं कडवं:

नको नको म्हणता म्हणता अर्धं ताट तिने नेलं,
उरलं अर्धं आयुष्यही त्याने तिच्या नावे केलं.

भाचीचे काका बारमाही छत्रीवाले. चिपळूणच्या पावसात जन्म गेल्यामुळे त्यांचा आभाळावर विश्वास नाही. साखरपुड्याला मे महिन्यात अकोल्याला निघाले तेव्हाही छत्री काखेत. तिथल्या उन्हात काळी छत्री घेऊन उतरलेला माणूस बघायला गल्लीतली पोरं जमली. आणि त्याच संध्याकाळी अवकाळी पाऊस आला. चाळीस पाहुणे भिजले, काका कोरडे. तेव्हापासून त्यांच्याशी हवामानावर बोलता येत नाही.

मे महिन्याच्या उन्हामध्ये काकांनी उघडली छत्री,
आभाळाने दिली तेव्हा या लग्नाची खात्री.

अकोल्याच्या आत्या "येतो आम्ही" म्हणतात आणि उंबऱ्याशी थांबतात. तिथे त्यांना खऱ्या गप्पा आठवतात. एकदा त्या "येतो" म्हणाल्यापासून रिक्षात बसेपर्यंत घरात दुसरा स्वयंपाक झाला आणि त्या जेवूनच गेल्या. त्यांच्यासाठी:

येतो येतो म्हणत आत्या उंबऱ्याशी थांबलेली,
आज तिच्या उंबऱ्याला लक्ष्मी नवी लाभलेली.

राहिलं पहिलं कडवं. पहिल्या कडव्यात विनोद जोरात मारायचा नसतो, कारण तेव्हा लोक मान वळवत असतात, खुर्च्या सरकत असतात आणि कुणीतरी "आली, आली" म्हणून शेजारणीला ढोसत असतं. तिथे सगळ्यांना एकदम कळेल अशी मोठी गोष्ट हवी. ती तयारच होती. भावोजी गाडीच्या दोन तास आधी स्टेशनवर हजर असतात. त्याआधी घराचं कुलूप ओढून बघायला कोपऱ्यावरून परत आलेले असतात, तरीही दोन तास आधी. अकोल्याचं घर ठरलेल्या वेळेला आंघोळीला जातं. फोन करावा तर तिकडून "निंगूनच राहिलो" असं उत्तर येतं, आणि मागे बादलीत पाणी पडल्याचा आवाज. सोयरीक ठरल्यापासून प्रत्येक भेटीत एक घर ताटकळलेलं आणि दुसरं धापा टाकत आलेलं.

एक घर निघे पहाटे, एक घर निघे दुपारी,
मुहूर्ताच्या घटकेला दोन्ही आली एका दारी.

कडवी अशी वाटली गेली की दोन दोन्ही घरांची सामाईक, दोन चिपळूणची, दोन अकोल्याची. हा तोल मी हौसेने साधलेला नाही. गाणं दोन्हीकडे पाठवल्यावर पहिला प्रश्न चालीचा किंवा अर्थाचा आला नाही. "त्यांची किती नि आपली किती?" असा आला.

ध्रुपद मुद्दाम बिनडोक ठेवलं:

वाट द्या गं वाट द्या, जोडी आली वाट द्या.

त्याला तीन कामं होती. एक तर फोटोग्राफरांना बाजूला करणं. दुसरं, हशाला जागा देणं. विनोदाचा शब्द ओळीच्या टोकाला ठेवला की हशा त्याच्या मागोमाग येतो, आणि तेव्हा पुढचं कडवं सुरू झालेलं असलं तर ते बुडतं. ध्रुपद बुडालं तर कुणाचं काही जात नाही. तिसरं काम वेळेचं. जोडी मध्येच अडली तर ध्रुपद कितीही वेळा म्हणता येतं.

याच कारणाने गाणं आधी रेकॉर्ड करायला मी नकार दिला. साउंडवाला म्हणत होता, "काका, ट्रॅक द्या पेनड्राइव्हवर, टेन्शन नाही." टेन्शन त्याला नव्हतं. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही, आणि आपल्या लग्नात वाटेत माणसाला कुणीही थांबवतं. म्हणून चिपळूणच्या तीन बहिणी, अकोल्याच्या दोन नणंदा, एक ढोलकी आणि एक पेटी. त्यांना स्पीकरच्या मागच्या अंगाला उभं केलं, कारण पुढे उभं राहिलं की माइकमधून आधी शिट्टी येते आणि मग गाणं. ढोलकीवाल्याला एकच सूचना होती: नवरीचे पाय बघायचे, गायिकांची तोंडं नाहीत. धुराची कल्पना तेवढ्यासाठीच मोडून काढली. कोरड्या बर्फाचा तो गार धूर जड असतो, वर न जाता जमिनीलगत पसरतो, आणि मग नवरीला साडीचा काठ दिसत नाही की ढोलकीवाल्याला पाऊल.

संध्याकाळी दार उघडलं, ढोलकी वाजली. पहिल्या कडव्याला अकोल्याचे हसले, कारण त्यातले निम्मे तेव्हाच पार्किंगमधून आत शिरत होते. बाबांच्या कडव्याला मात्र कार्यालयाचे सरळ दोन भाग झाले. ऑफिसातल्या बायका "अगं बाई" म्हणून पदर डोळ्यांना लावत होत्या, आणि त्याच क्षणी पुढच्या चार रांगा खुर्चीवरून घसरत होत्या. पदरवाल्या बायकांनी या निर्दय लोकांकडे रागाने वळून पाहिलं. भावोजींच्या डोळ्यांत यावेळी खरंच पाणी होतं, तर विहीणबाई लगबगीने उठल्या आणि त्यांच्या हातावर साखर ठेवून आल्या.

चौथ्या कडव्यानंतर नवरदेवाची आजी रांगेतून उठली आणि जोडीच्या समोर येऊन उभी राहिली. मुठीत मीठ-मोहरी होती. तिने सावकाश दृष्ट काढली, आधी नातवाची, मग नातसुनेची, मग दोघांची मिळून, आणि मग तिला आठवलं की मुठीतलं टाकायला चूल नाही. माझ्या बहात्तर पावलांच्या हिशेबात आजी नव्हती, पण ध्रुपद होतं. नणंदांनी ते धरून ठेवलं, दोन फेऱ्यांनंतर मागच्या रांगा म्हणू लागल्या, आणि मूठ रिकामी करायला आजीला कुणीतरी स्वयंपाकघराकडे नेईपर्यंत केटरर्सची पोरंही ट्रे घेऊन "वाट द्या गं" म्हणत पंगतीतून वाट काढत होती. मग उरलेली दोन कडवी झाली आणि शेवटच्या ओळीला जोडी पायरीशी पोचली.

ज्यांची थट्टा झाली त्यांच्याकडून एकही तक्रार आली नाही. काकांनी तर रिसेप्शनभर छत्री उघडून फोटो काढून घेतले. तक्रारी आल्या त्या गाण्यात नसलेल्यांकडून. चिपळूणची मावशी म्हणाली, "आम्ही काय लग्नात नुसते जेवायलाच आलो होतो?" नवरदेवाचा मधला मामा माझ्याशी बोलेनासा झाला. अकोल्याच्या थोरल्या काकांना तर दोन घरांचा हा तोल मुळीच मान्य नव्हता. आपल्या घरात आपल्यापेक्षा विक्षिप्त माणूस नाही, आणि गाण्यात नाव मात्र आत्याचं, हे त्यांना फार लागलं होतं. आठवड्याने त्यांचं जाड पाकीट आलं. आत फुलस्केपचे पाठपोट दोन कागद, त्यावर त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या फजित्या अनुक्रमांक घालून, तारीखवार, साक्षीदारांच्या नावांसह. खाली सही, आणि सहीखाली एक ओळ: "मामाजी, धाकट्या पुतण्याचं औंदा जमून राहिलं. यातलं पाहिजे ते घ्या, पण पहिल्या कडव्यात टाकू नका, तेव्हा आमचे लोक पोचलेले नसतात."